सर्व्हर बसला त्या दिवसाची गोष्ट कशी सांगायची: जिनिंगच्या काट्यावरचा एक अनुभव

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही हाताळलेला एखादा आउटेज सांगा." महिन्याच्या मीटिंगमध्येही तोच येतो, फक्त तिथं विचारणारा मालक असतो. पहिल्यांदा मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "डिस्क भरली होती, जागा केली, चालू झालं." तीन वाक्यांत काम खलास. समोरच्यानं मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. त्या दिवशी माझ्याकडं सांगण्यासारखं बरंच होतं, पण ते सांगायचं कसं हे माहीत नव्हतं. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

उदाहरण माझंच घेतो. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक जिनिंग-प्रेसिंग आहे. तिथल्या दोन वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर मी बघतो. डेटाबेस पोस्टग्रेस 14, भाड्याच्या एका क्लाउड सर्व्हरवर. काट्यावरचे कंप्युटर मोबाइलच्या डोंगलवर चालतात. त्याच डेटाबेसची एक जिवंत प्रत ऑफिसातल्या मशीनवर होती, म्हणजे दिवाणजींना हिशोब बघायला दरवेळी बाहेरच्या सर्व्हरवर जावं लागू नये. ऑफिसची लाइन वेगळी, फायबरची. डिसेंबरातल्या एका सोमवारी, ऐन कापसाच्या आवकेत, 83 मिनिटं काटे बंद राहिले.

## लिहायला बसण्याआधी हे जवळ ठेवा

- डेटाबेसचा लॉग, घटनेच्या आधीच्या आणि नंतरच्या एकेका दिवसाचा
- तुम्ही सर्व्हरवर टाइप केलेल्या कमांड (`history` लगेच कॉपी करून ठेवा, नंतर पुसली जाते)
- तुमच्या मोबाइलचा कॉल लॉग आणि ग्रुपवरचे मेसेज
- काट्यावरच्या हाती लिहिलेल्या काटापट्ट्या किंवा त्यांचे फोटो
- इशाऱ्याचे मेल, आलेले आणि कुणीच न उघडलेले

यातल्या कॉल लॉगला कमी लेखू नका. कुणी कुणाला किती वाजता सांगितलं हे सर्व्हरला माहीत नसतं.

## 1. आधी वेळा जुळवा, मग गोष्ट

आउटेज संपला की संध्याकाळपर्यंत आपल्या डोक्यात एक सरळ गोष्ट तयार होते. तिच्यात आपण पहिल्या दहा मिनिटांतच कारण ओळखलेलं असतं. लॉग काढला की कळतं, ओळखायला पस्तीस मिनिटं लागली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वेळांची यादी करा.

इथं पहिला खड्डा आहे. सर्व्हरचा लॉग बहुतेक वेळा यूटीसीत असतो आणि आपला मोबाइल भारतीय वेळेत. फरक साडेपाच तासांचा. माझ्या पहिल्या मसुद्यात डेटाबेस पहाटे 4:22 ला पडला असं लिहिलं होतं, आणि मी अर्धा तास डोकं खाजवत बसलो की पहाटे काटा चालवत कोण होतं. तो सकाळचा 9:52 होता. सगळ्या वेळा एकाच पद्धतीत आणा आणि कागदाच्या वरच तसं लिहून टाका.

माझी यादी अशी झाली:

- 9:52 डेटाबेस पडला
- 9:58 मापाऱ्याचा फोन
- 10:05 मी ॲप रीस्टार्ट केलं, उपयोग नाही
- 10:20 डेटाबेस दोनदा सुरू करून बघितला, उठला नाही
- 10:31 डिस्क भरल्याचं कळलं
- 10:35 डिस्क वाढवायला गेलो, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर, मालक रेंजबाहेर
- 11:02 थोडी जागा मोकळी केली, डेटाबेस उठला
- 11:09 ऑफिसच्या प्रतीसाठी फायली धरून ठेवणारा, अडलेला स्लॉट काढला
- 11:15 पहिली काटापट्टी निघाली

## 2. सुरुवात काट्यावरून करा, सर्व्हरवरून नाही

"पोस्टग्रेस पॅनिक झालं" हे पहिलं वाक्य असेल तर ऐकणाऱ्याला नुकसान किती झालं ते कळतच नाही. मी आता अशी सुरुवात करतो: सकाळी दहाच्या सुमाराला मापाऱ्याचा फोन आला, "भाऊ, पट्टी निघून नाही रायली. गाड्याची लाइन पार रोडवर गेली. का होऊन रायलं?"

मग आकडे. दिवसाला साधारण अडीचशे गाड्या येतात. प्रत्येक गाडीचं वजन दोनदा होतं: आधी भरलेली, मग कापूस खाली केल्यावर रिकामी. त्या 83 मिनिटांत 37 पट्ट्या हातानं लिहिल्या गेल्या. पण खरी अडचण वेगळ्या 9 गाड्यांची होती. त्यांचं भरलेलं वजन कंप्युटरात होतं आणि रिकामं वजन कागदावर. दोन्हींचा मेळ दुपारी चारपर्यंत लावत बसावं लागलं. म्हणजे सर्व्हर 83 मिनिटं बंद होता, पण काम मात्र सहा तास विस्कटलं. हे दोन्ही आकडे सांगा. नुसता पहिला सांगितलात तर काट्यावरच्या माणसाला ते खोटं वाटेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

शेतकऱ्यांची नावं, गाडी नंबर, जिनिंगचं नाव यातलं काही बाहेर सांगायचं नाही. गोष्टीला त्यांची गरज पडत नाही.

## 3. चुकलेले अंदाज गाळू नका

माझा पहिला अंदाज होता, डोंगलचं नेट गेलं. आमच्याकडं दहापैकी आठ वेळा तेच असतं. दुसरा अंदाज, ॲप अडकलं. म्हणून रीस्टार्ट. लॉग उघडायला मला अर्धा तास लागला, आणि उत्तर त्यातच बसलं होतं:

```
PANIC:  could not write to file "pg_wal/xlogtemp.4127": No space left on device
```

```
$ df -h /
Filesystem      Size  Used Avail Use% Mounted on
/dev/vda1        79G   75G     0 100% /
```

त्यातले 52 जीबी एकट्या `pg_wal` फोल्डरमध्ये होते. डेटाबेस स्वतः मात्र 14 जीबीचा.

आता जे सांगायला मला सगळ्यात जड जात होतं ते. 10:48 ला मी त्या फोल्डरमध्ये होतो. तीन हजारांवर फायली, प्रत्येकी 16 एमबी, नावं चोवीस-चोवीस अक्षरांची. मी `rm` टाइप केलं, जुन्या तारखेच्या फायलींचा नमुना दिला आणि एंटरवर बोट ठेवून थांबलो. थांबलो ते शहाणपणानं नाही. मोबाइल वाजला म्हणून. फोनवर मापारी विचारत होता, कागदी पट्टीवर नंबर कुठून सुरू करू. त्याला उत्तर देता देता आठवलं की या फायली म्हणजे साधे लॉग नाहीत. डेटाबेसमध्ये होणारा प्रत्येक बदल आधी इथं लिहिला जातो आणि पडल्यावर उठताना पोस्टग्रेस इथूनच वाचून सावरतं. चुकीची फाईल उडवली असती तर डेटाबेस उठलाच नसता, किंवा उठून अर्धवट राहिला असता. ही चूक इतक्या जणांनी केली आहे की 2017 च्या 10 व्या आवृत्तीत पोस्टग्रेसवाल्यांनी फोल्डरचं जुनं `pg_xlog` हे नावच बदललं. त्या नावात लॉग दिसायचा आणि लोक बिनधास्त पुसायचे.

मुलाखतीत हा भाग सांगावा का, असं मला बरेच जण विचारतात. सांगा. ऐकणारा अनुभवी असेल तर त्याला ही जागा माहीत असते आणि तो तुम्ही तिथं काय केलं तेच ऐकायला थांबलेला असतो.

## 4. काय केलं ते कारणासकट सांगा

नुसत्या कमांडची यादी वाचून दाखवू नका. प्रत्येक पायरीला "हेच का" जोडा.

जागा हवी होती. डिस्क वाढवणं सरळ होतं, पण ओटीपी अडला. मग आठवलं की ईएक्सटी4 फाइलसिस्टिम आपसूक पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते आणि पोस्टग्रेसला ती वापरता येत नाही. 79 जीबीचे पाच टक्के म्हणजे चार जीबीच्या आसपास. ते एक टक्क्यावर आणलं:

```
sudo tune2fs -m 1 /dev/vda1
```

सुमारे तीन जीबी मोकळे झाले. काहीही पुसावं लागलं नाही, डिस्क उतरवावी लागली नाही. उठायला डेटाबेसला तेवढं पुरलं. पण हा श्वास उसना होता. फायली का साचल्या ते काढलं नसतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच झालं असतं. म्हणून लगेच हे बघितलं:

```
SELECT slot_name, active, wal_status,
  pg_size_pretty(pg_wal_lsn_diff(
    pg_current_wal_lsn(), restart_lsn)) AS lag
FROM pg_replication_slots;

   slot_name    | active | wal_status |  lag
----------------+--------+------------+-------
 office_replica | f      | extended   | 52 GB
```

हा रेप्लिकेशन स्लॉट म्हणजे मुख्य सर्व्हरनं ऑफिसच्या मशीनला दिलेला शब्द आहे: तू घेईपर्यंत मी एकही फाईल टाकणार नाही. मशीन गायब झालं तरी सर्व्हर शब्द पाळतो, अगदी स्वतःची डिस्क भरेपर्यंत. `active` खाली `f` आहे, म्हणजे घेणारा कुणीच जोडलेला नाही.

```
SELECT pg_drop_replication_slot('office_replica');
CHECKPOINT;
```

स्लॉट काढल्यावर जुन्या फायली पुढच्या चेकपॉइंटला जातात, म्हणून तो हातानं करून घेतला. दोन-तीन मिनिटांत डिस्क मोकळी.

इथं एका मुलाखतीत मला पकडलं होतं. विचारलं, "स्लॉट काढल्यावर ऑफिसच्या प्रतीचं काय झालं?" ती प्रत मेली. मधल्या फायली गेल्यावर तिला पुढं जाता येत नाही, ती `pg_basebackup` नं मुळापासून परत करावी लागते. हे मला स्लॉट काढताना माहीत होतं आणि रांग रस्त्यावर गेली असताना तो सौदा मला परवडणारा वाटला. माहीत होतं तर तसं सांगा. नंतर कळलं असेल तर तेही सांगा.

## 5. पोस्टमॉर्टेम: जेसीबीवाल्यावर थांबू नका

बुधवारी आम्ही बसलो. मी, मापारी, दिवाणजी, मालक आणि चहा. स्लॉट बंद का पडला? ऑफिसची फायबर लाइन अकरा दिवसांपूर्वी तुटली होती, नालीचं खोदकाम करताना जेसीबीनं. मालक म्हणाले, झालं, सापडलं. सगळ्यांना बरं वाटलं, कारण जेसीबीवाला काही आमच्यातला नव्हता.

पण जेसीबी आमच्याकडं दर वर्षी येतो. लाइन परत तुटणार. त्यामुळं पोस्टमॉर्टेममध्ये तीन प्रश्न वेगळे ठेवा, एकात एक मिसळू देऊ नका.

निमित्त काय होतं? लाइन तुटली. एवढंच.

त्यानं एवढं नुकसान का झालं? स्लॉट किती फायली धरून ठेवेल याला आम्ही मर्यादाच घातली नव्हती. 13 व्या आवृत्तीपासून `max_slot_wal_keep_size` नावाची सेटिंग आहे. तिची मूळ किंमत -1, म्हणजे अमर्याद. आणि दोनच काट्यांच्या धंद्यात रोजचे साडेचार-पावणेपाच जीबी आले कुठून? हे शोधायला मला एक आख्खी रात्र लागली. प्रत्येक वजनाला चार कॅमेऱ्यांचे फोटो निघतात, दोन-दोन एमबीचे. ते दिवसभर डेटाबेसमध्ये राहतात आणि रात्री दुसरीकडं हलवले जातात. डेटाबेस त्यामुळं सडपातळ दिसायचा. पण प्रत्येक फोटो `pg_wal` मधून एकदा गेलेला असतोच, आणि रात्री मुख्य टेबलातून काढला म्हणून तिथून जात नाही. अडीचशे गाड्या, दोन वजनं, चार फोटो, दोन एमबी: गुणाकार करून बघा, चार जीबी तिथंच होतात.

आधी का कळलं नाही? हा प्रश्न सगळ्यात बोचरा. दोन दिवस आधी डिस्क 85 टक्के भरल्याचा मेल आला होता. तो गेला एका सामाईक पत्त्यावर, जो सीझनमध्ये कुणी उघडत नाही. आणि दिवाणजींनी तर आठवडाभर आधीच सांगितलं होतं की ऑफिसच्या स्क्रीनवर जुनाच हिशोब दिसतो. मीच त्यांना म्हणालो होतो, "लाइन तुटली आहे, जोडली की दिसेल." माझं उत्तर खरंच होतं. फक्त तुटलेल्या लाइनीचा दुसऱ्या टोकाला काय परिणाम होतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

हे लिहिताना "अमक्यानं दुर्लक्ष केलं" अशी वाक्यं काढून टाका, स्वतःबद्दलची सुद्धा. "इशारा अशा पत्त्यावर जात होता जो कुणी बघत नाही" असं लिहिलं की दुरुस्त काय करायचं ते त्या वाक्यातच येतं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी ते जाहीर लिहिलं, आणि लिखाणाचा बराचसा भाग बॅकअपच्या वेगवेगळ्या पद्धती वेळेला का चालल्या नाहीत यावर खर्च केला.

आमच्या बैठकीतली खरी कमाई मात्र मापाऱ्याची. त्यानं खिशातून एक छापील काटापट्टी काढली, 9:52 ची. "ही निघाली होती, पण कंप्युटरात नाही दिसून रायली." मी आधी मानलंच नाही. मग कोड उघडला. ॲप आधी पट्टी छापायचं आणि मग नोंद पक्की करायचं. शेतकऱ्याच्या हातात कागद, आमच्याकडं वजन नाही. डिस्क भरली नसती तर ही चूक कदाचित कधी दिसलीच नसती. काट्यावरच्या माणसाला बैठकीला बोलवा, आणि त्याला आधी बोलू द्या.

## 6. काय बदललं: ज्याची तपासणी केली तेच सांगा

"मॉनिटरिंग सुधारलं" हे वाक्य कुणी ऐकत नाही. मी पाच गोष्टी सांगतो.

स्लॉटला मर्यादा घातली. यासाठी रीस्टार्ट लागत नाही:

```
ALTER SYSTEM SET max_slot_wal_keep_size = '10GB';
SELECT pg_reload_conf();
```

याची किंमतही सोबत सांगतो. लाइन दोन दिवसांहून जास्त तुटली तर ऑफिसची प्रत बाद होते आणि परत करावी लागते, त्यात एक रात्र जाते. काटा बंद पडण्यापेक्षा ते बरं, हा निर्णय मालकांनी घेतला, मी नाही.

स्लॉट `f` दाखवायला लागला की तासाभरात माझ्या आणि मालकांच्या पुतण्याच्या मोबाइलवर मेसेज येतो. क्लाउडच्या खात्याला दुसरा नंबर जोडला, त्याच पुतण्याचा. डिस्कवर दोन जीबीची एक रिकामटेकडी फाईल ठेवली आहे. अडचण आली की ती पुसायची, कारण राखीव टक्क्यांची युक्ती आता वापरून झाली. आणि पट्टी आता नोंद पक्की झाल्यावरच छापली जाते.

होळीनंतर आवक संपली तेव्हा ऑफिसची लाइन मुद्दाम काढून ठेवली आणि जुने फोटो परत परत टाकून डेटाबेसला काम दिलं. तासाभरात मेसेज आला. दुसऱ्या दिवशी `wal_status` आधी `unreserved` आणि मग `lost` झालं, म्हणजे ऑफिसची प्रत बाद झाली, पण मुख्य सर्व्हर हलला नाही. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न आपोआप बदलतो.

जे झालं नाही तेही सांगा. फोटो डेटाबेसमधून बाहेर काढायचं काम आमच्या यादीत पहिलं होतं. दोन सीझन गेले, ते अजून तिथंच आहे.

## 7. सांगताना: दोन मिनिटांची आणि दहा मिनिटांची

दोन्ही तयार ठेवा. दोन मिनिटांच्या गोष्टीत रांग, भरलेली डिस्क, अडलेला स्लॉट, घातलेली मर्यादा आणि लाइन काढून केलेली चाचणी एवढंच. `rm` चा किस्सा आणि छापील पट्टी दहा मिनिटांच्या गोष्टीत.

"आम्ही" आणि "मी" यांचा घोळ टाळा. आपल्याकडं स्वतःचं कौतुक नको म्हणून सगळीकडं "आम्ही केलं" म्हणायची सवय आहे, आणि मुलाखत घेणाऱ्याला तुम्ही नेमकं काय केलं ते कळत नाही. डिस्क मी मोकळी केली. कागदी पट्ट्यांचे नंबर मापाऱ्यानं सांभाळले. 9 गाड्यांचा मेळ दिवाणजींनी लावला. ज्याचं काम त्याच्या नावे.

आणि जिनिंग, काटापट्टी, दिवाणजी हे शब्द पुण्या-मुंबईच्या मुलाखतीत बदलू नका. मी एकदा काट्याऐवजी नुसतं "क्लायंट लोकेशन" म्हणालो होतो. समोरच्यानं विचारलं, तिथं दीड तास बंद राहिलं तर असं काय बिघडतं? मग मला ट्रॅक्टर, ट्रॉली आणि रस्त्यापर्यंत गेलेली रांग सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागलं.